नाव बदललं, पत्ता बदलला, जीएसटी नंबर तोच: पुरवठादाराला लिहायचं पत्र

रत्नागिरीत आंबा कॅनिंगवाल्यांची खाती लिहिणाऱ्या माणसाला मार्च महिना पुरत नाही. एप्रिलमध्ये पल्पचं काम सुरू होणार, त्याआधी डबे, खोकी, लेबलं यांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात आणि बिलं यायला लागलेली असतात. अशा वेळी मालकांनी सांगितलं की भागीदारांनी फर्मचं नाव बदलायचं ठरवलंय आणि ऑफिसही गावातल्या जुन्या घरातून मिरजोळे एमआयडीसीत नेलंय, की पहिला विचार माझ्या मनात येतो तो खोकीवाल्याचा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आपलं जुनं नाव बसलेलं आहे आणि दर आठवड्याला त्याच नावाचं बिल छापून येणार आहे.

हे काम एका पत्राचं आहे. पण पत्रात काय बदलायचं याच्याइतकंच काय बदलायचं नाही हेही लिहावं लागतं. ते राहिलं तर समोरचा माणूस उत्साहाने सगळंच बदलतो.

इथे एकच प्रसंग घेतो: भागीदारी फर्म, भागीदार तेच, फक्त नाव नवं आणि मुख्य पत्ता नवा, तोही महाराष्ट्रातच. खरी नावं देत नाही. जुनं नाव ‘अबक कॅनिंग’ आणि नवं ‘कखग फूड्स’ समजा. खोकीवाला कोल्हापूरचा.

आधी खात्री: नंबर खरंच तोच आहे का

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे फर्मचा पॅन. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं सहसा Z असतं आणि शेवटचं पडताळणीचं. म्हणजे राज्य तेच आणि पॅन तोच असेल तर नंबर बदलायचं कारणच नाही. नाव आणि गल्ली यांना त्या पंधरा अक्षरांत जागाच नाही.

उलटही तितकंच खरं. नाव बदलताना भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी केली असेल तर पॅन नवा येतो आणि जीएसटी नोंदणी नव्याने करावी लागते. ऑफिस गोव्यात नेलं तर पॅन तोच राहतो, पण राज्य बदलल्यामुळे तिथली नोंदणी वेगळी घ्यावी लागते. या दोन्ही प्रसंगांत खालचं पत्र पाठवू नका, ते चुकीचं ठरेल. एकट्या मालकाचं दुकान असेल तर काम आणखी सोपं आहे. तिथे कायदेशीर नाव मालकाचं स्वतःचंच असतं आणि पाटीवरचं नाव फक्त व्यापारी नाव असतं, त्यामुळे पॅनला हात लावावा लागत नाही.

एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती आडवी येते. पॅनमधलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, फर्मसाठी F. पाचवं अक्षर नावाचं आद्याक्षर असतं. पण ते पॅन दिला तेव्हाच्या नावाचं. ‘अबक’चा पॅन A धरून निघाला असेल तर ‘कखग’ झाल्यावरही तो A तसाच राहतो. खोकीवाल्याच्या अकाउंट्समधल्या ताईंना हे माहीत नव्हतं. त्यांचा फोन आला, “साहेब, नाव क वरून आणि पॅनमध्ये ए कसा? नवीन नंबर पाठवा की.” त्यांची शंका रास्त होती. पत्रात एक वाक्य जास्त असतं तर तो फोन आलाच नसता.

पत्र कधी पाठवायचं

नवी पाटी लागली त्या दिवशी नव्हे. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर नवं नाव आल्यावर.

क्रम असा. भागीदारांचं दुरुस्तीपत्र होतं, नाव आणि मुख्य जागा बदलल्याची सूचना रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे जाते आणि पॅनवरचं नाव बदलायचा अर्ज होतो. जीएसटी पोर्टल कायदेशीर नाव पॅनच्या नोंदीशी ताडून बघतं, म्हणून पॅन आधी. त्यानंतर जीएसटी नोंदणीतल्या दुरुस्तीचा अर्ज, `REG-14`. नियम १९ प्रमाणे बदल झाल्यापासून १५ दिवसांत हा अर्ज करायचा असतो, म्हणून पॅनचं काम करारपत्रावरची शाई वाळायच्या आत सुरू केलेलं बरं. नाव आणि मुख्य पत्ता ही दोन्ही महत्त्वाची माहिती समजली जाते, ती भरली की लगेच बदलत नाही, अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यांना काही विचारायचं असेल तर `REG-03` ची नोटीस येते, तिला सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. मंजुरी आली की `REG-06` हे प्रमाणपत्र नव्या नावाने डाउनलोड होतं.

ते हातात आल्यावरच पुरवठादाराला पत्र. कारण तो सावध असेल तर पोर्टलवर जाऊन `Search Taxpayer` मध्ये आपला नंबर टाकून बघणार. तिथे कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि मुख्य पत्ता कोणालाही दिसतो. पत्रात एक नाव आणि पोर्टलवर दुसरं दिसलं, तर त्याने पत्र बाजूला ठेवणं योग्यच आहे.

मधल्या दिवसांतली बिलं जुन्या नावानेच येऊ द्यावीत. घाई करून अर्धी या नावाने, अर्धी त्या नावाने, असा खेळ नको.

पत्राचा मजकूर

पत्र फर्मच्या नव्या लेटरहेडवर, खाली ‘पूर्वीचे नाव’ अशी ओळ असलेल्या. सही भागीदाराची, अकाउंटंटची नको. मजकूर असा:

> जावक क्र. ____  दिनांक: ____
>
> प्रति,
> लेखा विभाग, ____ (पुरवठादाराचे नाव व पत्ता)
>
> विषय: आपल्या बिलांच्या नमुन्यात आमच्या फर्मचे नाव व पत्ता बदलणेबाबत, जीएसटी क्रमांक व पॅन पूर्वीचेच.
>
> संदर्भ: आपल्याकडील आमचा ग्राहक क्र. ____
>
> महोदय/महोदया,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> ‘अबक कॅनिंग’ या आमच्या भागीदारी फर्मचे नाव दि. ____ पासून ‘कखग फूड्स’ असे झाले आहे. फर्मची मुख्य जागाही बदलली आहे. फर्म तीच आहे, भागीदार तेच आहेत.
>
> बिलावर छापायचे नाव व पत्ता सोबतच्या चौकटीत इंग्रजीत दिला आहे. तो अक्षरशः तसाच घ्यावा.
>
> आमचा जीएसटी क्रमांक व पॅन बदललेले नाहीत. आपल्या नोंदीतील हे क्रमांक कृपया तसेच ठेवावेत. पॅनमधील पाचवे अक्षर फर्मच्या पूर्वीच्या नावाचे आद्याक्षर आहे, ते योग्य आहे.
>
> दि. ____ व त्यानंतरच्या तारखेची सर्व बिले, डेबिट नोट व क्रेडिट नोट नव्या नावाने द्यावीत. त्यापूर्वीच्या तारखेची बिले बदलू किंवा पुन्हा देऊ नयेत. आमचे खाते नव्याने उघडू नये, चालू खात्यातच नाव बदलावे. मागील येणे-देणे त्याच खात्यात पुढे चालू राहील.
>
> माल उतरवण्याचा पत्ता बदललेला नाही. तो पूर्वीप्रमाणे जुन्या गोदामाचाच आहे.
>
> नमुन्यात बदल झाल्यावर कृपया एक कोरे प्रोफॉर्मा बिल आमच्या ईमेलवर पाठवावे. शंका असल्यास आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या आमच्या फोन क्रमांकावर विचारावे.
>
> सोबत: १) नव्या नावाचे जीएसटी प्रमाणपत्र, २) पॅनची प्रत, ३) छापायच्या मजकुराची चौकट.
>
> आपला विश्वासू,
> ‘कखग फूड्स’ करिता, भागीदार

आणि ती चौकट. यातले नंबर बनावट आहेत, फक्त रूप दाखवण्यासाठी:

```
BILL TO : KAKHAG FOODS
          Plot No. ___, MIDC Mirjole
          Tal. & Dist. Ratnagiri - 415639
STATE   : Maharashtra, Code 27
GSTIN   : 27AABFA0000Q1Z5   (NO CHANGE)
PAN     : AABFA0000Q        (NO CHANGE)
SHIP TO : (old godown - NO CHANGE)
```

पत्र मराठीत आणि चौकट इंग्रजीत का, तर बिल इंग्रजीत छापलं जातं आणि आपल्याकडच्या पत्त्यांची स्पेलिंगं ज्याची त्याला सुचतील तशी होतात. मिरजोळेचंच बघा, कोणी `Mirjole` लिहितो, कोणी `Mirjoli`. गावातल्या पत्त्यांत तर आणखी मजा: घर नंबर, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, यांतलं काय कोणत्या ओळीत जाईल सांगता येत नाही. मी प्रमाणपत्रावर जसं आलंय तसंच कॉपी करून देतो, टाइप करत नाही. ईमेलला जोडलेल्या पीडीएफसोबत तोच मजकूर ईमेलमध्येही टाकतो, म्हणजे समोरच्यालाही टाइप करावं लागत नाही.

पिनकोडकडे लक्ष द्या. रत्नागिरी शहराचा ४१५६१२ आणि मिरजोळे एमआयडीसीचा ४१५६३९. पत्ता बदलला आणि पिन जुनाच राहिला, ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. पिनचा रकाना बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा असतो आणि पत्त्याच्या ओळी बदलणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही.

तारीख कशी ठरवायची

मी पत्र पोचल्यानंतर दहा-बारा दिवसांनंतरची तारीख देतो, शक्यतो महिन्याची पहिली. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नवं नाव धरलं की एका महिन्याच्या रिटर्नमध्ये दोन नावांची बिलं येत नाहीत, आणि आपल्याला फायली लावायलाही सोपं जातं. ‘बिलाच्या तारखेपासून’ असं स्पष्ट लिहावं. नुसतं ‘१ मार्चपासून’ लिहिलं तर २७ फेब्रुवारीचं बिल घेऊन २ मार्चला आलेल्या ट्रकबद्दल वाद होतो. कोल्हापूरहून आंबा घाटातून येताना गाडी एखादा दिवस रखडली की असं हमखास घडतं.

जुन्या तारखेची बिलं पुन्हा मागू नयेत, हे आपल्या मालकांनाही समजावून सांगावं लागतं. त्यांना वाटतं, वर्षभराची सगळी बिलं एका नावाची असली तर बरं दिसेल. पण ती बिलं दिली तेव्हा ते नाव बरोबरच होतं. पुरवठादाराने ती आपल्या `GSTR-1` मध्ये भरलेली आहेत. त्याच व्यवहाराचं दुसरं बिल काढणं म्हणजे नसलेला घोळ तयार करणं.

फेब्रुवारीतली ओली निघालेली खोकी मार्चमध्ये परत गेली, तर क्रेडिट नोट नव्या नावाने येईल आणि तिच्यात जुन्या बिलाचा नंबर व तारीख असेल. त्यात काही गैर नाही, दोन्हींवर जीएसटी नंबर एकच आहे.

समोरच्या टेबलावर काय घडतं

पत्र वाचणारा माणूस नक्की काय करतो हे माहीत असेल तर पत्र नेमकं लिहिता येतं. आपल्याकडचे बरेच लहान पुरवठादार टॅली वापरतात. बरोबर रीत अशी: `Alter` मधून आपलं जुनंच लेजर उघडायचं, नाव बदलायचं, जुनं नाव `alias` म्हणून ठेवायचं, म्हणजे सवयीने कोणी ‘अबक’ टाइप केलं तरी तेच खाते उघडेल. पण तिथे लेजरचं नाव वेगळं आणि `Mailing Details` मधलं नाव वेगळं असतं. वरचं बदललं आणि खालचं राहिलं तर त्यांना पडद्यावर नवं नाव दिसतं आणि छापील बिलावर जुनंच येतं. “आम्ही तर बदललंय!” असं ते शपथेवर सांगतात, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही असतं. असं झालं तर भांडू नका, मेलिंगमधलं नाव बघायला सांगा.

चुकीची रीत म्हणजे नवं लेजर उघडणं. मग जुन्या खात्यात आपली बाकी लोंबकळत राहते, नव्या खात्यात आपण दिलेले पैसे ‘अॅडव्हान्स’ म्हणून दिसतात, आणि दोन महिन्यांनी वसुलीचा फोन येतो. म्हणून पत्रात ते वाक्य मुद्दाम घातलंय.

ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, म्हणजे उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेले पुरवठादार, त्यांच्या सॉफ्टवेअरमधून पोर्टलला आपली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत जाते:

```
BuyerDtls: Gstin, LglNm, TrdNm, Addr1, Addr2, Loc, Pin, Stcd, Pos
ShipDtls : LglNm, Addr1, Loc, Pin, Stcd
```

यातले `Gstin`, `Stcd` आणि `Pos` सोडून `BuyerDtls` मधलं बाकी सगळं बदलायचं, आणि `ShipDtls` मधलं फक्त नाव. असं लिहून दिलं की त्यांचा सॉफ्टवेअरवाला पाच मिनिटांत काम करतो.

माल उतरवण्याच्या पत्त्याचं वाक्य मी अनुभवाने शिकलो. पहिल्यांदा अशा पत्रात मी फक्त ‘नवा पत्ता’ एवढंच लिहिलं होतं. एका पुरवठादाराने प्रामाणिकपणे दोन्ही ठिकाणी तो टाकला, ई-वे बिलही त्याच पत्त्याचं निघालं, आणि खोक्यांचा ट्रक भर दुपारी एमआयडीसीत बंद शटरसमोर उभा राहिला. गोदाम होतं गावात, हमालही गावात. ड्रायव्हर ई-वे बिलावरचा पत्ता सोडून हलायला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. जुनं गोदाम वापरात राहणार असेल तर जीएसटी नोंदणीत ते अतिरिक्त जागा म्हणून दाखवलेलं आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पहिलं बिल आल्यावर

प्रोफॉर्मा मागवायचं कारण हेच की चूक खऱ्या बिलावर सापडू नये. ते आलं की प्रमाणपत्र शेजारी ठेवून जीएसटी नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचा. शून्य आणि `O`, एक आणि `I` यांत डोळा फसतो. मग नाव, मग पिन, मग ‘शिप टू’.

तरीही चुकीचं बिल आलंच तर चूक कोणती ते आधी बघा. नंबर बरोबर आणि फक्त नाव किंवा पत्ता जुना असेल तर घाबरायचं कारण नाही. आपल्या `GSTR-2B` मध्ये बिल आपल्या जीएसटी नंबरावरून येतं, नाव जुनं असलं म्हणून ते हरवत नाही. मात्र नियम ४६ प्रमाणे बिलावर नोंदणीकृत खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर तिन्ही हवेत, म्हणून त्यांना कळवायचं, पुढचं बिल नीट घ्यायचं आणि त्या बिलाला आपल्या पत्राची प्रत टाचून ठेवायची.

नंबर चुकला असेल तर मात्र त्याच दिवशी फोन. बिल भलत्याच्या नावावर जातं किंवा बिगर-नोंदणीकृत ग्राहकाचं म्हणून भरलं जातं, आणि आपल्या क्रेडिटमध्ये ते दिसतच नाही. ई-इन्व्हॉइस असेल तर पोर्टलने त्या बिलाला दिलेला आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो, आणि नवं बिल नव्या नंबराने काढता येतं. ती वेळ टळली तर त्यांना रिटर्नमध्ये दुरुस्ती करावी लागते आणि आपलं क्रेडिट तोपर्यंत लांबतं. पुरवठादाराचं मासिक रिटर्न ११ तारखेला जातं आणि आपलं `2B` १४ तारखेला तयार होतं. त्यामुळे नाव बदललेल्या महिन्याचं `2B` मी १४ तारखेलाच उघडतो आणि ज्यांना पत्र गेलं त्यांची यादी घेऊन एकेक नाव टिक करत जातो. ज्याचं बिल आपल्याकडे आहे पण यादीत टिक होत नाही, त्याच्याकडे नंबर चुकला असावा असं धरून चालायचं.

ही यादी करताना खोकीवाला आणि डबेवाला सगळ्यांना आठवतात. विसरतात ते महिन्याला आपोआप बिल पाठवणारे: इंटरनेट, कुरिअर, सॉफ्टवेअरचं भाडं. गेल्या तीन महिन्यांचं `2B` काढून त्यातली सगळी नावं उतरवली की एकही सुटत नाही. त्या यादीसोबत पत्राची सही केलेली प्रत, नवं प्रमाणपत्र, आणि प्रत्येकाचं जुन्या नावाचं शेवटचं व नव्या नावाचं पहिलं बिल, असं सगळं मी एकाच फायलीत लावतो. ऑडिटर आले की चहाच्या आधी तीच फाइल पुढे करतो.